ऑडिशननंतरचा निरोप

मुंबईहून रात्री निघालेली अमरावती एक्सप्रेस सकाळी बडनेऱ्यात येते, तेव्हा तिच्यातून उतरणाऱ्यांमध्ये हल्ली एखादा तरी मुलगा किंवा मुलगी अशी असते, जी अंधेरीत कुठल्यातरी छोट्या खोलीत कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटं उभी राहून परतलेली असते. जाऊन-येऊन दोन रात्री गाडीत गेलेल्या असतात. काम झालं की नाही, ते कोणी सांगितलेलं नसतं. ‘कळवतो’ एवढा एक शब्द कानात असतो, आणि हातातला मोबाइल दर थोड्या वेळाने पाहिला जातो. त्या मोबाइलवरून आता कोणाला, काय आणि केव्हा लिहायचं, याचा आज सकाळी विचार करू. अमरावती-अकोल्याकडच्या कलावंतांची संधी या ठिकाणी जितकी हातची जाते, तितकी अभिनयात कमी पडून जात नाही, असं मला वाटतं.

आधी हे पाहू की निरोप ज्या माणसाला जातो, तो काय करतो. कास्टिंग कोऑर्डिनेटर भूमिका देत नाही. तो माणसं बोलावतो, वेळा लावतो, क्लिपा गोळा करतो, त्यांना नावं देतो आणि पुढे पाठवतो. त्याच्याकडून क्लिप कास्टिंग दिग्दर्शकाकडे जाते. तो त्यातल्या मोजक्या निवडतो. मालिका असेल तर त्या निर्मितीसंस्थेकडे आणि तिथून वाहिनीच्या माणसांकडे जातात. चित्रपट असेल तर दिग्दर्शकाकडे. मग लुक टेस्ट होते, मालिकेसाठी बहुधा मॉक शूटही होतं. म्हणजे ज्याला आपण ‘माझं काय झालं?’ असं विचारतो, त्याला स्वतःलाच ते ठाऊक नसतं. क्लिप कुठल्या टेबलावर अडकली आहे एवढंच फार तर त्याला माहीत असतं, आणि तेही सांगण्याची त्याला मुभा असतेच असं नाही. जाहिरातीचा निर्णय दोन-तीन दिवसांत लागतो, कारण चित्रीकरणाची तारीख आधीच ठरलेली असते. मालिकेला काही आठवडे लागतात, चित्रपटाला महिनेसुद्धा. या तिन्हींतली शांतता वेगवेगळी असते. जाहिरातीत चार दिवस काही कळलं नाही, तर ते काम बहुधा गेलेलं असतं. चित्रपटात चार दिवसांच्या शांततेला काहीच अर्थ नसतो.

या माणसासमोर एक तक्ता असतो. नाव, वय, उंची, शहर, फोन, भाषा, क्लिपचा दुवा, मोकळ्या तारखा आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. मी इथल्या नाट्यवर्तुळात निवडीच्या कामाला बसलो आहे, त्यामुळे असा तक्ता भरताना काय होतं ते जवळून पाहिलं आहे. क्लिप चांगली असते, पण तारखांचा रकाना रिकामा असतो. शहराच्या रकान्यात ‘अमरावती’ असतं आणि पाहणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘बोलावलं तर येणार कसे, राहणार कुठे?’ त्याचं उत्तर तक्त्यात नसतं. शेजारच्याच ओळीत कांदिवलीचा मुलगा असतो, अभिनयात थोडा उणा, पण उद्या सकाळी हजर होणारा. उत्तर नसलेला प्रश्न कोणी फोन करून सोडवत बसत नाही. ती ओळ तशीच राहते आणि खालच्या ओळीवर बोट जातं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ऑडिशननंतरच्या निरोपात निकाल विचारायचा नसतो. त्या तक्त्यातला रिकामा रकाना भरून द्यायचा असतो.

आमच्या गटातल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. राज्य नाट्य स्पर्धेत अमरावती केंद्रावर तिने काम केलं होतं आणि तिथली एक चित्रफीत कोणाच्या तरी हातून मुंबईला पोचली होती. एका मालिकेत वऱ्हाडातल्या घरातली धाकटी बहीण हवी होती. शनिवारी दुपारी ऑडिशन झाली. कोऑर्डिनेटर ताईंनी सांगितलं, ‘दहा-बारा दिवसांत कळवू.’ रविवारी सकाळी ती घरी आली आणि तिने लिहिलेला पहिला मसुदा मला दाखवला. त्यात आभार होते, ही भूमिका तिच्यासाठी किती मोठी आहे ते होतं, लहानपणापासूनचं स्वप्न होतं आणि शेवटी ‘प्लीज काहीतरी सांगा ना मॅम’ होतं. भावना खरी होती. पण हा निरोप कोणी पाठवला, कुठल्या भूमिकेसाठी, कुठल्या दिवशी, हे त्यात कुठेच नव्हतं. तिकडे त्याच शनिवारी चार भूमिकांसाठी माणसं येऊन गेली होती.

मग तिने तो पुन्हा लिहिला. सोमवारी, साडेअकराच्या सुमारास पाठवला. रविवार सोडला आणि सकाळी लवकरची वेळही सोडली, कारण चित्रीकरणाच्या दिवशी सकाळचे पहिले दोन तास या लोकांना डोकं वर काढता येत नाही. वर तिचं पूर्ण नाव होतं. खाली असं:

‘नमस्कार ताई. शनिवारी दुपारी धाकट्या बहिणीच्या भूमिकेसाठी ऑडिशन दिली. माझा नंबर ४६, पिवळा कुर्ता. मी अमरावतीला राहते. आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळलं तर रात्रीच्या गाडीने सकाळी मुंबईत पोचते. ठाण्याला मावशीकडे राहायची सोय आहे. या महिन्यात १२ ते १९ परीक्षा आहे, बाकी सगळे दिवस मोकळी आहे. केस क्लिपमध्ये आहेत तसेच ठेवते आहे. वऱ्हाडी माझी घरची बोली आहे. गंभीर प्रसंगातला नमुना हवा असेल तर पाठवते. धन्यवाद.’

यातलं प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते पाहा. नंबर आणि कुर्त्याचा रंग क्लिप सापडावी म्हणून. कोऑर्डिनेटरला चेहरे नावाने आठवत नाहीत, कपड्यांनी आठवतात, आणि हे विसरभोळेपणाने होत नाही, दिवसाला साठ-सत्तर माणसं पाहिली की कोणाचंही असंच होतं. गाडी आणि मावशी ‘येणार कशी’ या न विचारलेल्या प्रश्नासाठी. परीक्षेच्या तारखा लपवल्या नाहीत, हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ‘मी केव्हाही मोकळी आहे’ असं लिहिण्याचा मोह फार होतो. मग चित्रीकरणाच्या तारखा येतात, त्यातल्या दोन परीक्षेच्या निघतात आणि कोऑर्डिनेटरने स्वतःच्या शब्दावर पुढे पाठवलेलं नाव त्याला मागे घ्यावं लागतं. त्यानंतर ते नाव तो पुन्हा पाठवत नाही. आठ दिवस अडलेले आधीच सांगितले, तर वेळापत्रकवाला बहुधा त्यातून वाट काढतो. शेवटच्या क्षणी कळले तर त्याच्याकडे वाटच उरत नाही. केसांचं वाक्यही उगाच नाही. ऑडिशन देऊन आल्यावर लग्नसराईत कोणी केस कापतं, कोणी रंगवतं, मुलगे दाढी काढतात, आणि लुक टेस्टला दुसरंच माणूस येऊन उभं राहतं.

बोलीच्या वाक्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण वऱ्हाडातल्या कलावंताकडे देण्यासारखी खास गोष्ट हीच आहे. अमरावतीच्या भारत गणेशपुरे यांनी ‘फू बाई फू’ आणि पुढे ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमांतून वऱ्हाडी बोली घराघरांत नेली. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाने ती आनंदाने ऐकली, तिच्यावर प्रेम केलं. त्याचा एक परिणाम असा झाला की निवड करणाऱ्या अनेकांच्या कानात वऱ्हाडी म्हणजे हशा हे समीकरण बसलं. ऑडिशनला मिळालेल्या संहितेत बोली म्हणून प्रत्येक क्रियापदाला ‘राहिलो’ जोडलेलं असतं, बाकी वाक्य पुस्तकी असतं. पण मेलेल्या बैलाशेजारी बसलेला बाप वऱ्हाडीत कसा बोलतो, सासरी निघालेल्या बहिणीला भाऊ काय म्हणतो, ‘काहून’ आणि ‘कायले’ हे शब्द दुःखात किती हळू येतात, डोळ्याचा ‘डोया’ होतो तेव्हा त्यात विनोद मुळीच नसतो, हे पाहणाऱ्याने कधी ऐकलेलंच नसतं. २००९ साली सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्याचं घर गंभीरपणे पडद्यावर आलं, तरी असे चित्रपट मोजकेच. म्हणून तिने नमुना ‘हवा असेल तर’ म्हटलं, आणि ताईंचं ‘पाठव’ आल्यावर चाळीस सेकंदांची क्लिप पाठवली: आजीने तिला सांगितलेली दुष्काळातली एक आठवण, साध्या भिंतीसमोर, मोबाइल आडवा धरून, पंखा बंद करून. संहितेतली वाक्यं पुन्हा करून पाठवली नाहीत. ऑडिशनमध्ये जे दिसून गेलं ते पुन्हा पाठवण्यात काही हशील नाही. जे तिथे दिसू शकलं नाही तेवढंच पाठवावं.

क्लिप पाठवताना होणारी एक चूक इतकी साधी आहे, की तिने काम जावं याचं वाईट वाटतं. ड्राइव्हवर फाइल चढवून दुवा पाठवतात, पण ती सर्वांसाठी खुली केलेली नसते. समोरचा उघडायला जातो आणि परवानगी मागणारा पडदा येतो. तो परवानगी मागतही असेल, पण ती विनंती ज्या ईमेलवर येते तो आपण महिनोन्महिने उघडलेला नसतो. दुवा पाठवण्याआधी तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर उघडून पाहावा, दोन मिनिटांचं काम आहे. फाइल पाठवण्याच्या काही सेवांचे दुवे थोड्या दिवसांत आपोआप बंद होतात, तेही लक्षात ठेवावं. क्लिप पाहिली जाते ती बहुधा त्यानंतर. आणि फाइलचं नाव मोबाइलने दिलेलं आकड्यांचं राहू देऊ नये. नाव, वय, उंची, शहर, भूमिका एवढं त्यात असलं, की क्लिप पाच हातांतून फिरली तरी तिचा मालक हरवत नाही.

बारा दिवस झाले, काही कळलं नाही. तिने आणखी दोन दिवस जाऊ दिले आणि दुसरा निरोप पाठवला. तो दोनच ओळींचा होता: ‘धाकट्या बहिणीची भूमिका अजून खुली आहे का ताई? परीक्षा संपली, २० पासून मी पूर्ण मोकळी आहे.’ प्रश्न असा, की ज्याचं उत्तर एका शब्दात देता येतं, आणि ज्याचं उत्तर ताईंना खरोखर ठाऊक असतं. ‘माझी निवड झाली का?’ याचं उत्तर त्यांच्या हातात नव्हतं. ‘भूमिका खुली आहे का?’ याचं होतं. तासाभरात उत्तर आलं, ‘हो, होल्डवर आहेस.’

होल्ड म्हणजे निवड नव्हे, हे आपल्याकडच्या मुलांना कोणी सांगत नाही. तीन-चार जणी एकाच भूमिकेसाठी होल्डवर असू शकतात. तारीख तुम्ही राखून ठेवायची, त्यांनी तुम्हाला घ्यायचंच असं नाही, आणि त्या राखलेल्या दिवसांचे पैसेही सहसा मिळत नाहीत. हा व्यवहार एका बाजूला झुकलेला आहे, आणि गावाकडून येणाऱ्याला तो जास्त जाचतो, हे मी स्पष्ट म्हणेन. पण त्यात राहायचं असेल, तर त्याचा एक नियम आहे: होल्डवर असताना दुसरं काम आलं, तर होकार देण्याआधी कळवायचं. तिला त्याच आठवड्यात अकोल्याच्या प्रमिलाताई ओक सभागृहातल्या एका कार्यक्रमाचं सूत्रसंचालन मिळत होतं. तिने ताईंना लिहिलं, ‘२४ तारखेला अकोल्यात एक काम येतं आहे, उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना सांगायचं आहे. ती तारीख तुम्हाला लागेल का?’ यात धमकी नव्हती, लाडीगोडी नव्हती. ताईंनी वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाल्या, ‘घे ते काम, आपलं २८ च्या आधी काही नाही.’

जे करू नये असं मला मनापासून वाटतं, ते कोऑर्डिनेटरला ओलांडून दिग्दर्शकाला किंवा वाहिनीतल्या माणसाला समाजमाध्यमावर गाठणं. दिग्दर्शकाला त्या घडीला तुमची क्लिप आठवत नसते, म्हणून तो निरोप कोऑर्डिनेटरकडेच पुढे ढकलतो. आणि ज्या माणसाने तुमचं नाव तक्त्यात जपलं होतं, त्याला वाटतं की याने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. निळ्या खुणा झाल्या पण उत्तर नाही, म्हणून प्रश्नचिन्हं पाठवणं, पाठवलेला निरोप पुसून पुन्हा पाठवणं, रात्री अकराला फोन करणं, ही सगळी घालमेल समजण्यासारखी आहे. पण समोरून ती वेगळी दिसते. त्याला वाटतं, सेटवर उशीर झाला तर हे माणूस असंच वागेल.

निरोपांच्या या ये-जामध्ये एक जागा सावध राहण्याची आहे. तुमचं नाव शॉर्टलिस्टमध्ये आहे, पण कार्ड काढायला, नोंदणीला किंवा पोर्टफोलिओला इतके पैसे भरा, असं उत्तर आलं, तर तो संवाद तिथेच थांबवावा. कोऑर्डिनेटरला त्याचे पैसे निर्मितीकडून मिळतात, किंवा काम झाल्यावर मानधनातून ठरलेला वाटा मिळतो. कामाच्या आधी कलावंताने पैसे देण्याची जागा या व्यवहारात कुठेच नाही. ऑडिशन कुठल्या निर्मितीसंस्थेसाठी आहे हे विचारावं आणि त्या संस्थेच्या कार्यालयात फोन करून खात्री करावी. खऱ्या कोऑर्डिनेटरला त्याचा राग येत नाही.

आकाशवाणीचा मार्ग मात्र अगदी निराळा आहे, आणि अकोला केंद्राकडे पाहणाऱ्यांनी तो वेगळा ठेवावा. नैमित्तिक उद्घोषकाच्या जागांसाठी जाहिरात निघते, लेखी परीक्षा होते, मग आवाजाची चाचणी. त्यात पास झालेल्याला ‘वाणी’ हे प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मग नाव पॅनेलवर जातं. महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्यूट्या मिळतात, ही नोकरी नव्हे, हे आधीच समजून जावं. इथे निवड समिती करते आणि निकाल कार्यालय लावतं. एखाद्या अधिकाऱ्याला वैयक्तिक निरोप पाठवून मोकळ्या तारखा कळवण्याला इथे जागाच नाही. पत्ता किंवा फोन बदलला तर अर्जाचा क्रमांक घालून कार्यालयाला लेखी कळवावं, एवढंच करण्यासारखं असतं. डबिंगचं तिसरंच. तिथे स्टुडिओत हेडफोन लावलेला असतानाच डबिंग दिग्दर्शक बोलतो, ‘थोडं खालून घे,’ ‘ओठ संपले, तू अजून बोलतेयस.’ त्या सूचना बाहेर आल्याबरोबर वहीत लिहून ठेवाव्यात, आणि पुढच्या निरोपात त्यावर काय काम केलं ते एका वाक्यात सांगावं. आवाज पाहणाऱ्या माणसाला त्यातून नेमकं कळतं, की पुढच्या वेळी यांना बोलावण्यात अर्थ आहे.

त्या मुलीला ती भूमिका मिळाली नाही. ‘नाही’ असं कोणी कळवलं नाही, तसं सहसा कोणी कळवतच नाही. एका संध्याकाळी मालिकेची झलक टीव्हीवर आली आणि तिच्यात धाकटी बहीण दुसरीच होती. पुढे बोलण्याच्या ओघात ताईंकडून कारण कळलं: मोठ्या बहिणीसाठी जी अभिनेत्री ठरली, ती हिच्यापेक्षा चार बोटं बुटकी होती आणि दोघी शेजारी उभ्या राहिल्या की धाकटीच थोरली वाटायची. अभिनयाचा त्यात काही संबंध नव्हता. अशी कारणं असंख्य असतात, आणि कलावंताच्या कानावर ती फार क्वचित येतात.

झलक पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी तिने तिसरा निरोप पाठवला. ‘ताई, झलक पाहिली, छान झाली आहे. वऱ्हाडी बोलणारं कोणी लागलं तर माझं नाव असू द्या. आवाजाचं कामही करते.’ सोबत नवा फोटो, उंची, वय आणि एक खुला दुवा. त्यात रुसवा नव्हता, म्हणून उत्तर द्यायला ताईंना जड गेलं नाही. त्यांनी तिचं नाव मालिकेच्या तक्त्यातून काढून आपल्या कायमच्या यादीत घातलं आणि भाषेच्या रकान्यात ‘वऱ्हाडी, गंभीरही’ असं लिहिलं.

पावसाळ्यानंतर एका दुपारी दीडला ताईंचा फोन आला. शेतीविषयक माहितीपटाला वऱ्हाडीत निवेदन हवं होतं, आवाजाची चाचणी दुसऱ्या दिवशी अकराला. अमरावतीची गाडी संध्याकाळी सुटते आणि सकाळी मुंबईत पोचवते, हे तिने कधीचं लिहून ठेवलं होतं, म्हणून ‘तू येऊ शकशील का’ हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही. त्यांनी फक्त स्टुडिओचा पत्ता सांगितला आणि घशाला जपायला सांगितलं.